मीठ-साखरेत मुरवलेले बलक: किसता येतील इतके घट्ट, पण सुरक्षित कितपत?

अंड्याचा पिवळा बलक मीठ आणि साखरेच्या मिश्रणात पुरून फ्रिजमध्ये ठेवला की चार-पाच दिवसांत तो घट्ट होतो. नंतर थोडा वाळवला की किसणीवर त्याचा बारीक, सोनेरी कीस पडतो. चव खारट, मागे किंचित गोड आणि भरपूर स्निग्ध. गरम भातावर, पास्त्यावर, उकडलेल्या भाज्यांवर किंवा सॅलडवर चिमूटभर भुरभुरला तरी पदार्थाला एकदम भारदस्तपणा येतो.

कृती अवघड नाही. मात्र तिच्याभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे, आणि तो आधी दूर केल्याशिवाय कुणी अंडं फोडू नये असं मला मनापासून वाटतं. मीठ लावलं, पाणी गेलं, बलक दगडासारखा झाला, म्हणजे त्यातले जिवाणू मेले, असं अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही. बलक घट्ट होणं आणि बलक सुरक्षित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीठ पहिली गोष्ट नक्की करतं. दुसरीची हमी ते देत नाही.

मीठ नेमकं काय करतं

मध्यम आकाराच्या अंड्याचा बलक साधारण १७-१८ ग्रॅमचा असतो आणि त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. बाहेर मीठ-साखरेचा थर असला की हे पाणी बलकाच्या पातळ पडद्यातून बाहेर ओढलं जातं आणि थोडं मीठ आत शिरतं. पाणी कमी झालं आणि मीठ वाढलं की बलकातली प्रथिनं आणि चरबीचे कण एकमेकांना धरून बसतात. म्हणून बलक न शिजवताही जमतो. त्याचा रंग गडद नारिंगी होतो आणि उजेडासमोर धरला तर कडा पारदर्शक दिसतात.

जिवाणूंच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते त्यांना वापरता येण्याजोगं पाणी. शुद्ध पाण्याला १ धरलं, तर अंड्यातला मुख्य धोका असलेला साल्मोनेला साधारण ०.९४ च्या खाली वाढू शकत नाही. मिठाचं पूर्ण संपृक्त पाणी ०.७५ च्या आसपास येतं, साखरेचं ०.८५ च्या आसपास. म्हणजे नीट मुरलेल्या बलकात साल्मोनेलाची संख्या वाढायला वाव उरत नाही. पण वाढ थांबणं म्हणजे मरणं नव्हे. कोरड्या, चरबीयुक्त पदार्थात साल्मोनेला कित्येक आठवडे, अगदी महिनेही तग धरू शकतो. त्यात बलक आतपर्यंत मुरायला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशी बाहेरचा थर खारट झालेला असतो, पण मध्यभागी कच्चा, ओला बलक तसाच असतो. त्या दिवसांत वाढ रोखण्याचं काम मीठ नाही, फ्रिजची थंडी करत असते.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. अख्ख्या अंड्यात पांढऱ्या भागाकडे जिवाणूंना अडवणारी स्वतःची यंत्रणा असते. बलकाकडे ती नसते, उलट तो जिवाणूंसाठी उत्तम खाद्य असतो. पांढरं वेगळं केलं त्या क्षणी बलकाचं संरक्षण गेलं असं समजा. वेगळा केलेला बलक ओट्यावर पडू द्यायचा नाही.

अंडी कोणती घ्यायची

शक्य असेल तर कवचासकट पाश्चराइज्ड केलेली अंडी घ्या. ही अंडी कारखान्यात नियंत्रित कोमट पाण्यात ठरावीक वेळ ठेवलेली असतात, त्यामुळे आतले जिवाणू मरतात पण अंडं शिजत नाही. पांढरा भाग थोडा धुरकट दिसतो, बलकात फरक जाणवत नाही, आणि मुरवण्यासाठी ती तितकीच चांगली. घरी कोमट पाण्याच्या भांड्यात हा प्रकार करायला जाऊ नका. एक-दोन अंश कमी पडले तर काहीच साधत नाही, जास्त झाले तर अंडं शिजायला लागतं.

अशी अंडी मिळत नसतील तर फ्रिजमध्ये ठेवलेली, ताजी, तडा नसलेली, स्वच्छ कवचाची अंडी घ्या. ताज्या अंड्याच्या बलकाचा पडदा मजबूत असतो, जुन्याचा ढिला पडतो आणि हाताळताना फुटतो. अंडं पाण्यात बुडतं की तरंगतं यावरून त्याचं वय कळतं, साल्मोनेला कळत नाही. काही वेळा हा जिवाणू कोंबडीच्या शरीरातच, कवच तयार होण्याआधी अंड्यात शिरलेला असतो. त्यामुळे बाहेरून निर्मळ दिसणारं, वासाने निर्दोष असलेलं अंडंही दूषित असू शकतं.

पाश्चराइज्ड नसलेल्या अंड्यांपासून केलेला कीस न शिजवता या लोकांना देऊ नये: गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं, आणि आजारामुळे किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले. घरी यांपैकी कुणी जेवणार असेल तर एकतर पाश्चराइज्ड अंडी वापरा, नाहीतर कीस उकळत्या पदार्थात घालून शिजवा. ‘थोडासाच तर आहे’ ही सबब इथे चालत नाही.

पाच बलकांचं प्रमाण

मी पाच बलकांचं प्रमाण देते. चार खायला आणि एक कापून बघायला. हा पाचवा बलक वाया जात नाही, कारण आत काय चाललंय हे खात्रीने सांगणारा तोच एक असतो.

साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि निदान ५ सेंटिमीटर खोल, घट्ट झाकणाचा काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. अॅल्युमिनियमचा नको, इतकं मीठ त्याला खातं. ३०० ग्रॅम बारीक मीठ आणि ३०० ग्रॅम साखर वजनकाट्यावर मोजून एकत्र कालवा. कप-वाटीने मोजू नका. बारीक आणि जाड मिठाच्या वाटीत वजनाचा मोठा फरक पडतो, आणि इथे सगळं काम वजनाचं आहे.

पाच बलकांत मिळून पाणी पन्नास ग्रॅमसुद्धा नसतं, मग मिश्रण ६०० ग्रॅम कशाला, असा प्रश्न पडेल. बलकातून निघालेलं पाणी त्याच्या भोवतीच्या थरातच साचतं, डबाभर पसरत नाही. प्रत्येक बलकाला खाली, वर आणि चारही बाजूंनी कोरडं मिश्रण मिळालं पाहिजे. मिश्रणात काटकसर केली की बलक खालून खाऱ्या पाण्यात बसतो आणि तळाशी मऊच राहतो.

साखर वाढवून मीठ कमी करण्याचा मोह टाळा. साखर चवीचा खारटपणा सौम्य करते आणि पाणीही ओढते, पण वजनाला वजन धरलं तर मिठापेक्षा बरंच कमी. वजनाने निम्मं मीठ ही मी खालची मर्यादा धरते. त्याहून जास्त मीठ चालेल, फक्त कीस जास्त खारट होईल. मसाल्याची पूड घालायची असेल तर कोरडीच घाला. ताजी पानं, लसूण, किसलेली साल असं ओलं काही नको.

पुरायचं कसं

अंडी फ्रिजमधून काढून लगेच फोडा. थंड बलक आवळलेला असतो, सहज सुटतो. हात साबणाने धुवून घ्या आणि अंडं एका वाटीत फोडून बलक बोटांच्या फटीतून अलगद वेगळा करा. दोन अर्ध्या कवचांत बलक इकडून तिकडे ओतण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिच्यात कवचाची बाहेरची बाजू बलकाला लागते आणि तिची धारदार कड पडदा फाडते. बलकाला चिकटलेली पांढरी, दोरीसारखी गुंडाळी बोटांनी हलकेच काढून टाका, नाहीतर तिथे पांढरा चिवट डाग राहतो.

डब्यात निम्म्याहून थोडं जास्त मिश्रण पसरा. चमच्याच्या मागच्या बाजूने पाच खळगे करा, एकमेकांपासून आणि डब्याच्या कडेपासून एक बोट अंतरावर. खळग्याखाली निदान एक सेंटिमीटर मिश्रण राहू द्या, तळ दिसता कामा नये. प्रत्येक बलक आधी छोट्या वाटीत घेऊन खळग्याच्या अगदी जवळून सोडा. फुटला तर तो मिश्रणासकट काढून टाका, कारण सांडलेला बलक शेजारच्यांना चिकटतो आणि ओला ढेकूळ करतो. वरून उरलेलं मिश्रण हलक्या हाताने भुरभुरा, पिवळं कुठेही दिसायला नको. दाबू नका. झाकण लावून तारीख लिहा आणि डबा फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारात नाही. दारातलं तापमान उघडझाप होताना वर-खाली होत राहतं. फ्रिज ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड हवा. नुसत्या आकड्यांच्या बटणावर विसंबू नका, आत एक साधा थर्मामीटर ठेवून पाहा.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघा. वरचं मिश्रण कुठे ओलं, काचेसारखं दिसत असेल तर तिथे मीठ-साखर समप्रमाणात आणखी घाला. एवढंच. बलक उकरून बघू नका, दुसऱ्या दिवशी तो सहज फुटतो.

चौथा दिवस: कापून बघा

पूर्ण चार दिवस झाले की एक बलक बाहेर काढा. मिश्रण झटकून बोटाने दाबा. तो थोडा दबून परत वर यायला हवा, जेलीच्या तुकड्यासारखा. आता धारदार सुरीने मधोमध कापा. काप आरपार एकसारख्या गडद रंगाचा दिसला, मध्यभागी ओघळणारं किंवा सुरीला लागणारं फिकट पिवळं काही नसलं, तर बाकीचे चार तयार आहेत. मध्यभाग पातळ असेल तर बाकीचे तसेच पुरलेले ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा दाबून अंदाज घ्या. मोठ्या अंड्यांच्या बलकांना पाच-सहा दिवस लागू शकतात. कापलेल्या मऊ बलकाचं लगेच काही शिजवून टाका.

मुरलेले बलक मिश्रणातून काढून कोरड्या ब्रशने किंवा बोटाने मीठ झटका. मग गार पाण्याच्या वाटीत बुडवून दोन-तीन सेकंदांत बाहेर. पाण्यात ठेवून देऊ नका, बाहेरचा थर पुन्हा पाणी पितो आणि चिकट होतो. नळाखाली धरू नका, पाणी उडून ओटाभर जातं. स्वच्छ कागदी रुमालाने टिपून घ्या. उरलेलं मीठ-साखर मिश्रण टाकून द्या. ते दिसायला चांगलं असलं तरी त्यात कच्च्या अंड्याचा अंश आहे, पुढच्या खेपेला किंवा स्वयंपाकात ते वापरायचं नाही. डबा, वाट्या आणि ओटा साबणाच्या गरम पाण्याने धुवा.

वाळवण: फ्रिजमध्ये की ओव्हनमध्ये

या टप्प्यावर बलक कापता येतो, पण किसायला गेलं तर किसणीच्या दातांत लगदा भरतो. म्हणून वाळवायचा.

मला फ्रिजची पद्धत जास्त भरवशाची वाटते. बलक जाळीवर किंवा मलमलच्या कापडात सैल गुंडाळून, न झाकता, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे कच्च्या मांसाचे शिंतोडे त्यावर उडणार नाहीत. रोज उलटा. पाच ते सात दिवसांत बलक कडक होतो. वजनकाटा असेल तर पहिल्या दिवशी चारही बलकांचं एकत्र वजन लिहून ठेवा आणि दोन-दोन दिवसांनी पाहा. सुरुवातीला वजन भरभर उतरतं. लागोपाठ दोन वेळा ते जवळपास तेच आलं की वाळवण संपलं.

ओव्हनमध्ये काम एका दुपारचं. तेल पुसलेल्या जाळीवर बलक ठेवून ६५ अंश सेल्सियसला दीड ते दोन तास. मात्र घरच्या बऱ्याच ओव्हनांना इतकं कमी तापमान स्थिर ठेवता येत नाही, म्हणून आत वेगळा थर्मामीटर लागतो. ओव्हन ९०-१०० अंशांवर गेला तर बलकावर कडक तपकिरी कवच येतं, आतला ओलावा अडकतो, आणि किसताना कवचाच्या कपच्या उडतात. उन्हात किंवा ओट्यावर पंख्याखाली वाळवणं मात्र अजिबात नको. ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू वाढतात आणि अर्धवट मुरलेल्या बलकाला तिथे तासन्‌तास ठेवणं म्हणजे त्यांना आमंत्रण. फ्रिजबाहेरचा एकूण वेळ दोन तासांत संपला पाहिजे, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात.

ओव्हनमुळे बलक पाश्चराइज्ड होतो का, हा प्रश्न हमखास येतो. होतो असं धरू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमांत कारखान्यांसाठी एक तक्ता बरीच वर्षं होता. त्यात साध्या पातळ बलकाला ६१.१ अंशांवर साडेतीन मिनिटं पुरत, पण मीठ किंवा साखर घातलेल्या बलकाला तेवढ्याच वेळासाठी ६३.३ अंश लागत. कारण पाणी कमी झालं की जिवाणू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. तो तक्ताही पातळ, सतत हलणाऱ्या बलकाचा होता. आपला बलक त्याहून कितीतरी कोरडा, आणि ओव्हनमधली कोरडी हवा त्याच्या मध्यापर्यंत तेच तापमान नेईल याची खात्री नाही. म्हणून ओव्हन हे वाळवण्याचं साधन समजा, निर्जंतुक करण्याचं नाही.

किसणं, जपणं, फेकणं

तयार बलक नखाने दाबला तर खळगा पडत नाही, आणि बारीक किसणीवर कोरडा, सुटा कीस पडतो. कीस चिकटून गोळा झाला तर बलक आणखी दोन दिवस फ्रिजमध्ये वाळू द्या. एक बलक तीन-चार ताटांना पुरतो. तो खूप खारट असल्यामुळे पदार्थात मीठ बेताचंच घाला, आणि ज्यांना मीठ कमी करायला सांगितलेलं आहे त्यांना हा कीस वाढण्याआधी विचार करा.

गरम पदार्थावर वरून भुरभुरलेला कीस शिजत नाही, तो फक्त कोमट होतो. पाश्चराइज्ड नसलेली अंडी वापरली असतील आणि खात्रीचा पदार्थ हवा असेल तर कीस सूपमध्ये किंवा सॉसमध्ये घालून उकळी आणा. अंड्याच्या पदार्थांसाठी ७१ अंश सेल्सियस ही मर्यादा मानली जाते, आणि उकळी त्याच्या बरीच पुढे असते.

बलक अख्खेच ठेवा, लागेल तसे किसा. कागदी रुमालात गुंडाळून घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये. घरी केलेल्या बलकांना मी तीन आठवड्यांची मुदत धरते, त्याहून जास्त ठेवायचे असतील तर फ्रीजरमध्ये. कारखान्यात ओलावा आणि मिठाचं प्रमाण मोजलं जातं, आपण ते घरी मोजत नाही, म्हणून हे बलक कितीही कडक झाले तरी फडताळात ठेवायचे नाहीत. तेलात बुडवून ठेवू नका. आत कुठे ओलावा उरला असेल तर तेलाखाली हवा नसते आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना तेच हवं असतं.

कधीकधी बलकावर पांढरे कण दिसतात. ते कडक, चमकदार असतील आणि ओल्या बोटाने विरघळले तर ते वर आलेलं मीठ आहे. मऊ, केसाळ, हिरवट, काळसर किंवा गुलाबी काही दिसलं तर ती बुरशी किंवा जिवाणूंची वाढ. ती खरवडून बाकीचा बलक वापरायचा नाही, त्या डब्यातले सगळे बलक टाकायचे. पृष्ठभाग बुळबुळीत होणं, गंधकासारखा किंवा खवट वास येणं, वाळलेला बलक पुन्हा ओलसर होणं ही सगळीही फेकून देण्याचीच लक्षणं. वीज जाऊन फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला आणि बलक अजून मिश्रणात मुरत होते, तर तेही टाका. अशा वेळी चव घेऊन ठरवू नका, कारण साल्मोनेलाला चव नसते आणि वासही नसतो.